रॉकेल पाण्यावर तरंगते, तरीही उत्तर बरोबरच होते

माननीय शिक्षणमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी विज्ञान शिकवते. माझ्या एका विद्यार्थिनीचे प्रकाशाच्या अपवर्तनावरचे उत्तर परीक्षेत चूक ठरवले गेले. पुनर्तपासणीतही निकाल बदलला नाही, कारण नमुना उत्तरातच तसे लिहिले आहे. ते नमुना उत्तर चुकीचे आहे, म्हणून हे पत्र.

प्रश्नातल्या आकृतीत भांड्यात खाली पाणी आणि वर रॉकेलचा थर आहे. पाण्यातून वर येणारा किरण रॉकेलच्या पृष्ठभागावर स्तंभिकेशी, म्हणजे त्या पृष्ठभागावरच्या लंबाशी, 40° कोनात येतो. पुढचा किरण काढायचा आणि कारण द्यायचे. मुलीने किरण स्तंभिकेकडे झुकलेला काढला आणि लिहिले, "रॉकेल हे पाण्यापेक्षा घन माध्यम आहे." त्यावर फुली आणि शेजारी शेरा: "रॉकेल हलके, पाण्यावर तरंगते. किरण स्तंभिकेपासून दूर जाईल."

रॉकेल तरंगते हे खरेच आहे. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो भरते, तर एक लिटर रॉकेलचे साधारण 800 ग्रॅम. पण किरण कुठे वळणार हे वजनावर ठरत नाही. त्या माध्यमात प्रकाशाचा वेग किती कमी होतो यावर ते ठरते, आणि ते अपवर्तनांकातून कळते. पाण्याचा अपवर्तनांक 1.33, रॉकेलचा सुमारे 1.44. म्हणजे पाण्यात प्रकाश सेकंदाला सुमारे 2,25,000 किलोमीटर जातो आणि रॉकेलमध्ये सुमारे 2,08,000. रॉकेलमध्ये वेग कमी, म्हणून प्रकाशाच्या दृष्टीने तेच घन माध्यम.

आता आकृतीतला किरण स्नेलच्या नियमाने काढून पाहू. 40° चे साइन 0.643. त्याला 1.33 ने गुणून 1.44 ने भागले की 0.594 येते, म्हणजे अपवर्तन कोन सुमारे 36.4°. किरण स्तंभिकेच्या जवळ आला. नमुना उत्तराप्रमाणे दूर न्यायचा तर हा कोन 40° पेक्षा मोठा हवा. अपवर्तनांकांची अदलाबदल केल्याशिवाय तसे होत नाही. रॉकेल हे मिश्रण असल्याने नमुन्यागणिक आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण पाण्याच्या खाली जाणार नाही.

हा गोंधळ कुठून येतो तेही सांगते. वर्गात आपण हवा, पाणी आणि काच हीच उदाहरणे घेतो. या तिघांत जड तेच प्रकाशासाठीही घन निघते. वरच्या थरातली थंड हवा आणि तापलेल्या रस्त्यालगतची विरळ हवा यांतही तसेच, आणि मृगजळ त्यातूनच दिसते. पदार्थ एकच असेल तर तो दाटल्यावर अपवर्तनांक वाढतो, त्यामुळे नियम पक्का वाटतो. पदार्थ बदलला की तो टिकत नाही. रेणूंमधले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या विद्युतक्षेत्राला किती सहज प्रतिसाद देतात, हेही तेव्हा मोजावे लागते. रॉकेलमधल्या हायड्रोकार्बनांत हा प्रतिसाद इतका चांगला असतो की वजनातली कमतरता भरून निघते. टर्पेंटाइनचेही असेच आहे: पाण्यावर तरंगते आणि अपवर्तनांक 1.47.

शंका असेल तर एक खात्रीची कसोटी आहे. पूर्ण आंतरिक परावर्तन फक्त घन माध्यमातून विरल माध्यमाकडे जातानाच होते. काचेच्या पेटीत पाणी आणि वर रॉकेल घ्यावे आणि रॉकेलमधून पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका झोत सोडावा. झोत स्तंभिकेशी सुमारे 67.5° पेक्षा जास्त कोन करू लागला की पाण्यात शिरतच नाही, सगळा रॉकेलमध्ये परततो. पाण्यातून रॉकेलकडे झोत कितीही तिरका सोडला, तरी त्याचा काही भाग पलीकडे जातोच. रॉकेल विरल असते, तर नेमके उलटे दिसले असते.

त्या मुलीने पुस्तकातले वाक्य नुसते पाठ केले नव्हते. वजन बाजूला ठेवून तिने अपवर्तनांक पाहिला, आणि तिचे गुण त्यासाठीच गेले. ज्यांनी किरण उलट्या दिशेला वळवला त्यांना पूर्ण गुण मिळाले. हे मला फार लागले आहे.

माझ्या मागण्या दोन आहेत. या प्रश्नाचे नमुना उत्तर विषयतज्ज्ञांकडून तपासून घ्यावे आणि किरण स्तंभिकेकडे काढणाऱ्या सर्व विद्यार्थ्यांचे गुण, अर्ज न मागवता, दुरुस्त करावेत. आणि यापुढे पुनर्तपासणीत नमुना उत्तरावरच आक्षेप आला तर तो ऐकण्याची सोय असावी. आज तपासनीसाने नमुना उत्तराप्रमाणे गुण दिले की नाही, एवढेच पाहिले जाते. उत्तर बरोबर आहे का, हे कोणी विचारतच नाही.

वरचा प्रयोग आपल्या कार्यालयात करून दाखवायची माझी तयारी आहे.

आपली विश्वासू,
एक विज्ञान शिक्षिका