डब्यातल्या जुन्या गोळ्यांबद्दल

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, आधी रागावून घ्या. ओंकारला सांगून तुमचा जुना औषधांचा स्टीलचा डबा मीच आपल्या घरून हलवायला लावला. तुम्हाला न विचारता केलं, हे मला लागून राहिलंय. पण परवा रात्री आईने पाठवलेले तुमच्या अटॅकनंतरच्या डिस्चार्ज कार्डाचे फोटो वाचत बसले आणि मग राहवलं नाही.

आई, पहिल्या फोटोवर तुझ्या हाताची सावली होती आणि कोपऱ्यात "पान १/३" छापलेलं होतं, म्हणून मी उरलेली दोन पानं मागितली. चिडचिड केली नव्हती गं. औषधांची यादी तिसऱ्या पानावर होती.

तू "एलव्हीईएफ ४५%" वाचून रडलीस, निम्मं हृदय गेलं म्हणून. तसं नाहीये. दर ठोक्याला हृदय आतलं सगळं रक्त कधीच बाहेर फेकत नाही. धडधाकट माणसाचाही हा आकडा साधारण ५५ ते ७० असतो. बाबांचा थोडा कमी झालाय, आणि अटॅकनंतर काही आठवड्यांनी पुन्हा टूडी इको करून तो तपासतात. "पीटीसीए विथ डीईएस टू आरसीए" म्हणजे उजव्या धमनीतला अडथळा फुग्याने मोकळा करून औषध लावलेला स्टेंट बसवला. "के/सी/ओ टी२डीएम, एचटीएन" हे काही नवीन निघालेलं नाही, आपलीच जुनी शुगर आणि बीपी.

आता डब्याचं. मी वहीत दोन रकाने पाडले, डावीकडे घरातल्या गोळ्या आणि उजवीकडे कार्डावरच्या. ओंकारला गोळ्यांच्या प्रत्येक पाकिटाची मागची बाजू वाचायला लावली, कारण पुढे कंपनीचं नाव असतं आणि औषध मागे बारीक अक्षरात. बाबा रोज रात्री जी "हृदयाची कॅप्सूल" घ्यायचे, तिच्यात ॲस्पिरिन ७५ आणि ॲटोर्वास्टॅटिन १० दोन्ही आहेत. कार्डावर ॲस्पिरिन ७५ वेगळी, ॲटोर्वास्टॅटिन ४० वेगळी. नाव निराळं म्हणून दोन्ही चालू राहिली असती, आणि ॲस्पिरिन दिवसाला १५० झाली असती. रक्तस्रावाची भीती तर आहेच, शिवाय ॲस्पिरिन १००च्या वर गेली की स्टेंटसाठी दिलेली टिकाग्रेलॉर नीट काम करत नाही. म्हणून हलवला डबा, बाबा.

दोन गोष्टी मात्र कार्डावरून कळेनात. बीपीची ॲम्लोडिपिन यादीत नाही, आणि बंद केली असंही कुठे लिहिलेलं नाही. शुगरची मेटफॉर्मिनही यादीत नाही. पण दुसऱ्या पानावर, उपचारांच्या मजकुरात एक ओळ सापडली: मेटफॉर्मिन ४८ तास थांबवा, क्रिएटिनिन पाहून सुरू करा. अँजिओग्राफीच्या डायचा किडनीवर ताण येऊ शकतो, म्हणून तसं करतात. यादी करताना ती ओळ राहून गेली असावी. अंदाजाने काही करायचं नव्हतं, म्हणून कार्डाच्या खालच्या नंबरवर फोन केला, आयपी नंबर दिला आणि निवासी डॉक्टरांनी मोठ्या डॉक्टरांना विचारून सांगितलं: क्रिएटिनिन १.१ आहे, मेटफॉर्मिन पूर्वीसारखी सुरू करा. ॲम्लोडिपिन मुद्दाम बंद केली, कारण आता रामिप्रिल आणि मेटोप्रोलॉल आहेत. मी दोन्ही गोष्टी तारीख घालून वहीत लिहिल्यात. पुढच्या भेटीत आई, तू त्या कार्डावरच लिहून घे.

बाबा, लहानपणी मला ताप आला की तुम्ही गोळी चमच्यात चुरून मधात कालवायचे आणि "आता उघड बरं चिमणीची चोच" म्हणायचे. त्याच हातांना मी आज हुकूम सोडतेय, लेक आहे म्हणून सहन करा. टिकाग्रेलॉर १-०-१ आहे, म्हणजे सकाळी आठ आणि रात्री आठ. मध्येच दम लागल्यासारखं वाटलं तर डॉक्टरांना फोन करायचा, पण स्वतःहून बंद करायची नाही, एकही दिवस नाही. स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. धंतोलीत दाढ काढायला जायचं ठरलं होतं ना, ते हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. गुडघ्याची डायक्लोफिनॅक तर अजिबातच नाही. मे महिना आहे, कूलरमध्ये पाणी भरायला ओंकार सकाळ-संध्याकाळ येईल, त्याचं मी ठरवून टाकलंय. उठताना चक्कर आली तर बसून बीपी मोजा आणि मला कळवा.

आई, माझी शनिवारची सुट्टी मंजूर झालीय, तिकीटही काढलंय. तोवर तुझं जेवण वेळेवर होऊ दे, बाबांच्या नादात तू उपाशी राहतेस हे मला माहीत आहे. डबा ओंकारच्या घरी सुरक्षित आहे, फेकलेला नाही. आज रात्री आठची गोळी झाली की फक्त "झाली" एवढंच लिहून पाठव.

तुमची,
ताई