मंत्रिमहोदय, अक्षरं बारीक केली म्हणून जाहिरात छोटी होत नाही

माननीय रोजगारमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

नोकरीच्या जाहिरातींतल्या अटींचं शेपूट छाटू, यापुढे प्रत्येक जाहिरात एका पानात बसेल, असा शब्द आपण दिला होता. त्यानंतर आपल्याच खात्याची पहिली जाहिरात परवा निघाली. पद एकच, आवक-जावक सहायक. पानही खरोखर एकच आहे, त्याबद्दल अभिनंदन. फक्त अक्षरं मुंगीएवढी झाली आहेत आणि तळाला ओळ आहे, ‘सविस्तर अर्हतेसाठी परिशिष्ट ब पाहावे’. परिशिष्ट ब तीन पानांचं. पान अधिक परिशिष्ट मिळून अटी भरतात १९.

या माणसाने करायचं काय, ते आधी बघू. जाहिरातीत ते कुठेच लिहिलेलं नाही, पण हे टेबल कुठल्याही कार्यालयात सारखंच असतं. आलेलं पत्र वाचायचं, क्रमांक टाकायचा, दोन-तीन ओळींत गोषवारा नोंदवायचा, योग्य टेबलाकडे पाठवायचं. मागितलं की जुनं पत्र काढून द्यायचं. पंधरा दिवस उत्तर गेलं नसेल तर स्मरणपत्र काढायचं. दिवसाला साठ-सत्तर पत्रं. काम संपलं.

एवढ्यासाठी नेतृत्वगुण हवेत! नेतृत्व कोणाचं करायचं, टपालाच्या पिशवीचं?

जाहिरात छाटायची रीत अवघड नाही. प्रत्येक अटीला तीन प्रश्न विचारायचे. ही अट वरच्या कामांपैकी नेमक्या कोणत्या कामाला लागते? ती पहिल्याच दिवशी लागते, की रुजू झाल्यावर काही आठवड्यांत शिकवता येते? आणि निवडीच्या वेळी ती आपण तपासणार कशी? तिन्हींना उत्तर असेल तर अट राहू द्यावी. एकाही प्रश्नाशी अडखळली तर काट मारावी. परवाना किंवा नोंदणी कायद्यानेच सक्तीची असेल, तर ती अट अर्थातच राहते.

आता ही रीत परिशिष्ट ब ला लावू. उत्कृष्ट संवादकौशल्य, नेतृत्वगुण, संघभावना, स्वतंत्रपणे काम करण्याची क्षमता, ताण सहन करण्याची तयारी, लवचिकता. या सहाही अटी तिसऱ्या प्रश्नाशीच पडतात. अर्जात कोणी ‘मला ताण सोसत नाही’ असं लिहिणार आहे का? जी अट प्रत्येक जण ‘होय’ म्हणून भरतो, ती कोणालाच निवडत नाही. ती फक्त जागा खाते आणि प्रामाणिक माणसाला बिचकवते. एका दमात सहा गेल्या, उरल्या १३.

दुचाकी आणि तिचा परवाना. ही ओळ जुन्या जाहिरातीतून आलेली असते, हे या कामातला कोणीही सांगेल. कधीतरी नोंदींची खोली दुसऱ्या इमारतीत असते, फायली घेऊन जा-ये करावी लागते. पुढे खोली हलते, ओळ हलत नाही. मसुदा कोणी कोरा लिहीत नाही. मागच्या वेळचा काढून तारीख बदलली जाते आणि तो ज्या ज्या टेबलावरून फिरतो, तिथे एकेक ओळ वाढते. अंदाजपत्रकाचं ज्ञान लेखा शाखेने घातलं असणार, सादरीकरणाचं कौशल्य कोणाच्या तरी प्रशिक्षणानंतर आलं असणार. ओळ वाढवणाऱ्याला कोणी ‘का’ विचारत नाही. कमी करणाऱ्याला मात्र लेखी कारण द्यावं लागतं. या एका नियमानेच जाहिराती लांबतात, साहेब, आणि फक्त जाहिरातीच नव्हेत. आपल्या यंत्रणेतला प्रत्येक कागद असाच सुजलेला आहे. पण ते राहू द्या, नाहीतर हे पत्रही चार पानांचं होईल.

टंकलेखन मिनिटाला ४० शब्द, प्रमाणपत्रासह. ही अट कामाशी जुळते, म्हणून हिला जरा वेळ देऊ. सत्तर पत्रं, प्रत्येकाचा गोषवारा तीसेक शब्दांचा, म्हणजे दिवसाला २१०० शब्द. ४० च्या वेगाने सुमारे ५३ मिनिटं लागतात, ३० च्या वेगाने ७०. फरक १७ मिनिटांचा, तोही हात न थांबवता टंकलं तर. वेळ खरा जातो तो पत्र वाचून समजून घेण्यात आणि ते कोणाकडे पाठवायचं हे ठरवण्यात. दिवसाच्या १७ मिनिटांसाठी आपण चांगल्या वाचणाऱ्याला दारातच परत पाठवतो. वेग ३० करा, आणि प्रमाणपत्र मागण्याऐवजी परीक्षेच्या वेळी समोर टंकून घ्या.

पाच वर्षांचा अनुभव, त्यातली तीन तत्सम कार्यालयात. अनुभवातून हवंय काय, ते लिहा. रखडलेलं प्रकरण ओळखता यावं एवढंच ना? ते नोंदींच्या तक्त्यावर वीस मिनिटांत तपासता येतं. क्रमांक टाकण्याची पद्धत आणि टेबलांची नावं तर जुन्या माणसालाही नव्या कार्यालयात पहिल्यापासूनच शिकावी लागतात. वर्षं मोजण्याच्या सवयीने काय होतं, हे संगणकक्षेत्राने २०२० मध्ये बघितलं. ‘फास्टएपीआय’ हे साधन तयार करणाऱ्या सेबास्टियान रामिरेझ यांना त्याच साधनाचा चार वर्षांहून अधिक अनुभव मागणारी जाहिरात दिसली. त्यांनी ते तयार करून तेव्हा दीडच वर्ष झालं होतं. म्हणजे निर्माताच अपात्र!

राहिली पदवी आणि तिचे किमान ६० टक्के. अर्ज कमी यावेत म्हणून ही अट घालतात, हे तोंडाने कोणी म्हणत नाही. आज हेच काम चोख करणाऱ्यांची यादी काढा आणि त्यांना नवी जाहिरात लावा. त्यातले किती नापास होतात? अमेरिकेत ग्रिग्स विरुद्ध ड्यूक पॉवर या खटल्यात नेमकं हेच समोर आलं. कंपनीने चांगल्या जागांसाठी शालान्त प्रमाणपत्र सक्तीचं केलं होतं, पण अट येण्याआधीपासून असलेले, प्रमाणपत्र नसलेले लोक तीच कामं नीट करत होते आणि बढत्याही घेत होते. अशी अट प्रत्यक्ष कामाशी जोडलेली असली पाहिजे, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये सांगितलं. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या २०१७ च्या अहवालात उत्पादन पर्यवेक्षकाचं उदाहरण आहे. जाहिरातींपैकी ६७ टक्के पदवी मागत होत्या, प्रत्यक्ष त्या कामावर असलेल्यांपैकी १६ टक्क्यांकडेच ती होती.

‘एखादी अट जास्त असली तर बिघडलं काय?’ असं आपले अधिकारी म्हणतील. साधा गुणाकार करा. काम येणारे १००० जण आहेत आणि प्रत्येक अट त्यांतल्या ८० टक्क्यांना जमते, असं धरा. दहा अटींनंतर उरतात १०७. एकोणिसाव्या अटीनंतर १४. अटी एकमेकींपासून इतक्या सुट्या नसतात, त्यामुळे प्रत्यक्षात उरणारे याहून जास्त असतील, हे मान्य. पण गळती कुठल्या चालीने होते ते कळतं. आणि ‘इष्ट अर्हता’ नावाची पळवाट काढू नका. इष्ट गोष्टीला गुण दिले की ती सक्तीचीच झाली, फक्त लाजत लाजत.

एकोणिसावी अट तर सोन्याने मढवण्यासारखी आहे: ‘वरील व्यतिरिक्त पदास आवश्यक असलेली अन्य कौशल्ये’. ती कोणती, हे उमेदवाराने ध्यान लावून ओळखायचं!

छाटणीनंतर जाहिरात अशी उरते:

‘आवक-जावक सहायक, पद १. काम: रोज सुमारे ७० पत्रांची नोंद, गोषवारा व वाटप, जुनी पत्रे शोधून देणे, १५ दिवसांवरील प्रलंबित पत्रांची स्मरणपत्रे काढणे. आवश्यक: (१) दोन पानी पत्राचा तीन ओळींत बिनचूक गोषवारा लिहिता येणे, (२) संगणकावरील तक्त्यात नोंदी भरणे, क्रम लावणे व गाळणी लावणे, (३) टंकलेखन मिनिटाला ३० शब्द, (४) कार्यालय उघडण्याआधी अर्धा तास हजर राहणे. तिन्ही कौशल्ये परीक्षेत तपासली जातील. नोंदपद्धतीचे प्रशिक्षण रुजू झाल्यावर तीन आठवडे.’

खाली वेतनाचा नेमका आकडा, कामाची वेळ आणि अर्जाची शेवटची तारीख टाकली की झालं. मोठ्या अक्षरातही अर्धं पान पुरतं. चौथी अट मूळ जाहिरातीत नव्हतीच, हेही पाहा. टपाल आधी लावून ठेवायचं तर लवकर यावं लागतं, हे उमेदवाराला रुजू झाल्यावर कळणार होतं. एकोणीस अटींच्या गर्दीत खरी अट राहूनच गेली.

अटी छाटल्या की अर्ज वाढतील. ते खरं आहे, आणि त्याची तजवीज आधी केली नाही तर छाननीची टेबलं बुडतील. तेव्हा घाबरून कोणीतरी पुन्हा टक्केवारी लावेल. म्हणून परीक्षेचा क्रम असा ठेवा. आधी ४० नोंदींचा तक्ता द्या आणि प्रलंबित पत्रं किती ते विचारा. उत्तर एकच आकडा असतो, यंत्रसुद्धा तपासेल. त्यात पास झालेल्यांचेच गोषवारे माणसाने वाचावेत. एकाला पाच मिनिटं धरली तर शंभर गोषवाऱ्यांना आठ तास वीस मिनिटं लागतात. कशाला किती गुण, हे पेपर घेण्याआधी लिहून ठेवावं. नाहीतर तोंडी मुलाखतीत नेतृत्वगुण मागच्या दाराने परत येतात.

आणि आता खरं दुखणं. जाहिरात बदलून भागत नाही. हार्वर्ड आणि बर्निंग ग्लास इन्स्टिट्यूटने २०२४ मध्ये हिशेब मांडला. कंपन्यांनी पदवीची अट काढल्याचा गाजावाजा झाला, पण प्रत्यक्ष फायदा ७०० नेमणुकांमागे एकालाही पोचला नाही. कागद बदलला, निवडणाऱ्याचा हात बदलला नाही. आपण त्याच वाटेवर आहात. उद्या परिशिष्ट ब रद्द केलंत तरी ऑनलाइन अर्जात ‘पदवीची टक्केवारी’ या रकान्यापुढे लाल तारा आहेच. रकाना रिकामा ठेवला की ‘पुढे’ हे बटण दाबलंच जात नाही. जाहिरातीत नसलेली अट अर्जात शिल्लक, आणि ती कोणी घातली हे कागदावर कुठेच नाही.

तेव्हा मागणी एवढीच. ही जाहिरात मागे घ्या. नव्या मसुद्यात प्रत्येक अटीपुढे ती कोणत्या कामासाठी आणि कोणाच्या सहीने आली हे लिहायला लावा. अट वाढवणाऱ्याकडून कारण मागा, कमी करणाऱ्याकडून नको. आणि तो लाल तारा काढण्याचा अधिकार आपल्या खात्यात नक्की कोणाकडे आहे, ते उत्तरात नावानिशी कळवा. अर्जाची मुदत संपायला अकरा दिवस उरले आहेत.

आपला,
जाहिरातींचे मसुदे आणि अर्जांची छाननी यांतच बुडालेला एक नागरिक