नोटीस लिहिण्याआधी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुमच्या मेसमध्येही अंडाकरी सुरू होतेय आणि नोटीस तुलाच लिहायचीय, हे वाचलं आणि लगेच कागद ओढला.

आमची पहिली नोटीस मी दोन ओळींत उरकली होती : ‘बुधवारी अंडाकरी. शाकाहारी विद्यार्थ्यांची वेगळी सोय.’ त्या रात्री काउंटर दोन होते, पनीरही होतं. पण माझा रूममेट ताट घेऊन उभा असताना वाढप्याने अंड्याच्या रश्श्यातला डाव तसाच पनीरच्या पातेल्यात घातला. रूममेट माळकरी घरातला. एक शब्द बोलला नाही, ताट ठेवलं आणि खोलीवर जाऊन चुरमुरे खाल्ले. मला अजून ते ताट दिसतं.

तेव्हा कळलं, वेगळेपण काउंटरवर सुरू होत नाही, भटारखान्यात होतं. आता कांदा-खोबऱ्याचं वाटण एकदाच परततात, पण अर्धं आधी काढून पनीरची भाजी पूर्ण शिजवून झाकून ठेवतात. अंडी त्यानंतर. अंड्याच्या पातेल्याला आणि डावाला दांड्यावर लाल रंगाचा पट्टा मारलाय, म्हणजे घाईतही चूक दिसते.

दुसरी चूक मोजणीची. आमच्यात अंडी खाणारे 140 आणि शाकाहारी 60. माणशी दोन म्हणजे 280 अंडी. तीसचा एक ट्रे, म्हणून दहा ट्रे आणले. वरची वीस फुटक्यांसाठी. अंडी पुरली, पनीर नाही पुरलं, कारण अंडं घेतलेल्यांनी पनीरही वाढून घेतलं. प्रॅक्टिकल संपवून उशिरा आलेल्या शाकाहारी पोरांना वरण-भातावर भागवावं लागलं. म्हणून आता मंगळवारी रात्रीपर्यंत यादीत नाव लिहायचं, आणि पनीर यादीप्रमाणेच.

वारही बघ. सोमवार, गुरुवार, शनिवार नकोच. अंडी खाणारेही वार पाळतात. बुधवारी संकष्टी आली तर आम्ही शुक्रवारी करतो. श्रावणात यादी नव्याने घ्यायची, निम्मी नावं बाजू बदलतात.

आता आमची नोटीस अशी आहे :

‘बुधवार, रात्री 8 ते 9.30. अंडाकरी (माणशी 2 अंडी) किंवा पनीर. पोळी, भात, कोशिंबीर सर्वांना. शाकाहारी भाजी आधी व वेगळ्या भांड्यात शिजेल. शाकाहारी काउंटर दाराजवळ. तिथला वाढपी व डाव वेगळे. अंडी तळलेलं तेल दुसऱ्या दिवशी वापरणार नाही. नावं मंगळवारी रात्री 9 पर्यंत.’

टेबलं मात्र वेगळी करू नका. काहींनी मागणी केली होती, मी ठाम नाही म्हणालो. वाढणं वेगळं हवं; पण रोज शेजारी बसणाऱ्याला एका जेवणासाठी उठवायचं, हे मला पटत नाही. ज्याला वासाचा त्रास होतो तो खिडकीपाशी बसतो, सोबत कुणीतरी जातंच.

आणि नोटीस लावण्याआधी तुमच्या आचारीमामांना वाचून दाखव. ती तेलाची ओळ मला सुचलीच नव्हती. आमच्या मामांनी सांगितलं, “पोरा, अंडी ज्या तेलात परततो, तेच गुरुवारी पुऱ्यांना जातं. तेही लिही.”

तुझाच