एमआरआय दाखवणाऱ्या डॉक्टरांचे आणि रात्रपाळीच्या सिस्टरांचे आभार

गर्भाशयातल्या गाठींसाठी माझं एम्बोलायझेशन झालं, म्हणजे गाठींचा रक्तपुरवठा बंद करण्याचा उपचार. ते करणाऱ्या इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजिस्ट डॉक्टरांनी आधी एमआरआय स्क्रीनवर लावून मला शेजारी बसवलं. शिरेतून औषध दिल्यावर मोठी गाठ उजळली होती, म्हणजे तिला रक्त मिळत होतं आणि तेच तोडायचं होतं. मागची छोटी गाठ मात्र काळीच राहिली. "तिचा रक्तपुरवठा आधीच बंद झालाय, तिच्यावर याचा काही फरक पडणार नाही," हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. डॉक्टर, त्या खरेपणामुळेच मी निर्धास्तपणे होकार दिला.

मनगटातून बारीक नळी घालून गर्भाशयाच्या दोन्ही धमन्यांत बारीक कण सोडले. खरी कळ नंतर सुरू झाली आणि पहिली रात्र फार जड गेली. सिस्टर, तुम्ही वेदनाशामकाचा पंप बघत, उलटीसाठी ट्रे धरत माझ्याबरोबर जागलात. घरी सोडताना तुम्हीच बजावलंत, की पहिले काही दिवस कणकण आणि थकवा राहील. पण आठवड्यानंतर ताप चढला किंवा अंगावरून घाण वासाचं जायला लागलं, तर लगेच यायचं, कारण तो जंतुसंसर्ग असू शकतो. सुदैवाने तसं झालं नाही. गाठ आकसायला काही महिने लागतात, पण पाळीतला रक्तस्राव आताच बराच कमी झालाय. तुम्हा दोघांचे मनापासून आभार.