'स्टॉक आला', पण कुणाचा?

महोदय,

कालच्या अंकात आपल्या तंत्रज्ञान-लेखकांनी सल्ला दिला आहे की, ग्राफिक्स कार्ड मिळत नसेल तर 'उपलब्ध झाल्यावर कळवा' हे बटण दाबावे आणि धीर धरावा. धीर आम्ही भरपूर धरला आहे. बटणाचेच काय ते सांगतो.

मीही ते दाबले होते. मेल आली, धावतपळत पान उघडले. तेच कार्ड, तोच फोटो, खाली 'कार्टमध्ये टाका'. किंमत मात्र मूळ किमतीच्या दीडपट! नीट पाहिले तर 'विक्रेता' या शब्दापुढे दुकानाचे नाव नव्हतेच, भलत्याच कुणाचे होते. दुकानाचा स्वतःचा माल संपला की त्याच पानावर बाहेरचा विक्रेता पुढे सरकतो आणि यंत्राच्या लेखी माल 'उपलब्ध' होतो. म्हणजे मला आली ती माल आल्याची वर्दी नव्हती, काळाबाजारवाल्याची जाहिरात होती. वर 'पाठवणी आमच्याकडून' असे दुकानाचे आश्वासनही होते. पाठवणी दुकान करते एवढेच, किंमत तोच ठरवतो.

लेखात हे एका ओळीत सांगता आले असते. किमतींचा इतिहास दाखवणाऱ्या साइटवर दुकानाची स्वतःची किंमत आणि बाहेरच्या विक्रेत्यांची किंमत यांच्या वेगळ्या रेषा असतात. सूचना लावायची ती दुकानाच्या रेषेवर, आणि मर्यादा मूळ किमतीच्या फार तर पाच टक्के वर. मग दीडपटवाला मेल पाठवूच शकत नाही. पत्ता आणि बँकेच्या कार्डाचा तपशील खात्यात आधीच भरून ठेवावा, कारण बऱ्याच दुकानांत कार्टमध्ये टाकलेली वस्तू राखून ठेवलेली नसते. पैसे आधी भरेल त्याची ती. एवढे करूनही आपोआप खरेदी करणाऱ्या बॉटपुढे आपण हरू शकतो, तेही लिहायला हवे होते.

'कंपन्या तरी काय करणार?' हा लेखकमहाशयांचा प्रश्न तर फारच हळवा. २०२० च्या सप्टेंबरात आरटीएक्स ३०८० हे ग्राफिक्स कार्ड बघता बघता संपले, तेव्हा ते बनवणाऱ्या एनव्हिडियाने माफी मागितली आणि ऑर्डरी हाताने तपासू म्हणाली. पुढच्याच वर्षी व्हॉल्व्ह या गेम कंपनीने स्टीम डेक या हातात धरून खेळायच्या यंत्रासाठी सरळ रांग लावली: थोडी रक्कम भरून नाव नोंदवा, आणि पहिले दोन दिवस नोंदणी फक्त त्यांनाच, ज्यांच्या खात्यावर जून २०२१ पूर्वीची खरेदी आहे. काल उघडलेली शंभर खाती तिथे काय कामाची? करायचे असले की करता येते.

आणि हो, या लेखाच्या शेजारीच 'हमखास स्टॉक, त्वरित डिलिव्हरी' अशी चौकट छापली आहे. तीत किंमत का नाही, हे जाहिरात विभागाला एकदा विचाराल का?

आपला,
एक नियमित वाचक