तातडीच्या निरोपासाठी फोनसाखळी : सर्व सभासदांस सूचना

गॅसगळती किंवा लिफ्टमधील बिघाड रात्री व्हॉट्सॲपवर कळवला, तर तो बहुतेकांना सकाळीच दिसतो. म्हणून संस्थेच्या 40 सदनिकांसाठी फोनसाखळी तयार करण्यात आली आहे. सचिव तिघांना फोन करतील, ते तिघे प्रत्येकी तिघांना आणि ते नऊ जण पुन्हा प्रत्येकी तिघांना. अशा रीतीने तीन फेऱ्यांत उरलेल्या 39 घरांपर्यंत निरोप पोहोचेल.

साखळी तुटते ती फोन न उचलल्यामुळे. दोनदा प्रयत्न करूनही उत्तर न आल्यास त्या सभासदाच्या यादीतील तिघांना आपणच फोन करावा आणि ते घर वॉचमनला कळवावे, म्हणजे तो जाऊन बेल वाजवील. यासाठी प्रत्येकाला स्वतःच्या यादीसोबत खालच्या फेरीचीही यादी छापील स्वरूपात दिली जाईल (मोबाइल बंद पडल्यास त्यातली यादी काय कामाची?).

निरोप प्रथम लिहून घ्यावा व तसाच वाचून दाखवावा, कारण ‘बी विंगचा जिना वापरू नये’ याचे तिसऱ्या फेरीत ‘बी विंग रिकामी करा’ होऊ शकते. शेवटच्या फेरीतील सभासदांनी निरोप मिळताच सचिवांना ‘मिळाला’ एवढाच एसएमएस करावा. ज्या घराचा येणार नाही, तिथे साखळी अडली असे समजले जाईल.