तक्रार : मिक्स फ्रूट जॅमच्या लेबलावरचे आकडे जुळत नाहीत

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

आपल्या मिक्स फ्रूट जॅमची ५०० ग्रॅमची बाटली मी गेल्या आठवड्यात घेतली. मुलाच्या डब्यासाठी पोळीला लावताना चमच्यावर जॅमचा गोळा ताठ उभा राहिला, जेलीसारखा पारदर्शक. त्यात ना रेषा, ना फळाचा कण. म्हणून चष्मा लावून मागचं लेबल वाचलं.

साखर आणि पेक्टिन यांबद्दल माझी तक्रार नाही. मी घरी पेरूची जेली करते. पेरूत पेक्टिन भरपूर असतं, पण पपई-अननसाचा जॅम बाहेरून पेक्टिन घातल्याशिवाय नीट धरत नाही. तेव्हा आयएनएस ४४० दिसलं म्हणून मी बिचकत नाही. ते लिंबूवर्गीय फळांच्या सालींतून किंवा सफरचंदाच्या चोथ्यातून काढतात. साखरही भरपूर लागतेच, नाहीतर जॅम सैल राहतो.

माझी अडचण तीन आकड्यांची आहे. लेबलावर फळांचा गर ४५ टक्के आहे, म्हणजे नियमात जॅमसाठी सांगितलेलं किमान प्रमाण. त्याखाली १०० ग्रॅममागे एकूण साखर ६८.२ ग्रॅम आणि वरून घातलेली साखर ६७.४ ग्रॅम. (४५ आणि ६७ मिळून शंभरावर जातात, हे मला खटकत नाही. शिजताना गरातलं पाणी उडतं.) पण एकूण साखरेतून घातलेली वजा केली की फळांची स्वतःची साखर उरायला हवी, आणि इथे उरते जेमतेम ०.८ ग्रॅम!

आपण लिहिलेली फळं केळी, पपई, सफरचंद आणि अननस. यांच्या १०० ग्रॅम गरात साधारण १० ग्रॅम साखर असते, म्हणजे ४५ ग्रॅममध्ये साडेचार. सगळा गर पपईचाच धरला तरी साडेतीन ग्रॅमच्या आसपास यायला हवी. ०.८ ग्रॅम साखर तर ८ ग्रॅम गरातूनच येईल. मग फळांचा आकडा चुकला आहे की साखरेचा?

आणखी एक. झाकणावर आणि पुढच्या बाजूला लालचुटूक स्ट्रॉबेरी छापल्या आहेत. घटकांच्या यादीत स्ट्रॉबेरी औषधालाही नाही, आहे तो आयएनएस १२२ हा कृत्रिम रंग. पोळीवर उमटलेला गुलाबी डाग त्याचाच असावा.

या बॅचमध्ये प्रत्यक्ष किती किलो गर आणि किती साखर घातली, आणि हे आकडे कसे काढले, ते पंधरा दिवसांत लेखी कळवावं. फळांचा आकडा खोटा निघाल्यास पैसे परत करावेत आणि लेबल बदलावं. उत्तर न आल्यास उरलेल्या बाटलीसह मी अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार देईन. बिल, लेबल आणि बॅच क्रमांकाचे फोटो सोबत जोडले आहेत.

आपली,
एक ग्राहक